होकायंत्राची सुई तारेजवळ का हलते? वायरमनकाका आणि सईबरोबर करून बघायचा प्रयोग

सई होकायंत्र हातात धरून भिंतीच्या कडेने चालली होती. भिंतीवर वायरमनकाका सोलर पॅनेलच्या दोन वायरी प्लॅस्टिकच्या क्लिपांत बसवत होते, एक इथे तर दुसरी हातभर खाली. वरच्या वायरीखाली येताच सईची सुई उत्तर सोडून वायव्येकडे वळली. ती मागे आली, सुई परत उत्तरेला. पुन्हा पुढे गेली, पुन्हा वायव्य. तेवढ्यात सूर्यावर ढग आला आणि सुई कोणी हात न लावता हळूहळू उत्तरेकडे सरकली. ढग गेला तशी पुन्हा वळली.

"काका, तुमच्या वायरीत लोखंड आहे का?"

"तांबं आहे, आणि तांब्याला चुंबक ओळखतसुद्धा नाही. शिवाय लोखंड असतं तर ढग आल्यावर सुई परत का गेली असती?"

सईकडे याला उत्तर नव्हतं. काकांनी पेचकस खिशात घातला आणि म्हणाले, "संध्याकाळी ये. पण या पॅनेलवर नको, टॉर्चच्या सेलवर करू."

पुढे काका सईकडून जे करून घेतात, ते त्याच क्रमाने कुणालाही घरी करता येईल. मधली एखादी पायरी गाळू नका. या प्रयोगात बहुतेकांचं जे चुकतं ते क्रम मोडल्यामुळेच चुकतं.

सामान

एक होकायंत्र, साधं खेळण्यातलंही चालेल. मात्र सुई मोकळी फिरली पाहिजे आणि वर अंशांच्या खुणा असल्या तर उत्तम. टॉर्चचे दोन मोठे सेल. आत तार असलेला, पिवळा उजेड देणारा टॉर्चचा जुना बल्ब. त्याच्या पितळी टोपीवर 2.5 व्होल्ट, 0.3 अँपिअर असं कोरलेलं असतं. साधी प्लॅस्टिकची वायर दीड-दोन मीटर. मोटर रिवाइंडिंगची एनॅमलची तार दोनेक मीटर. थोडा पॉलिश पेपर, चिकटपट्टी आणि लाकडी टेबल.

बल्ब कशाला, सेलची दोन टोकं सरळ वायरीने जोडली तर चालणार नाही का, असं सईनेही विचारलं. चालतं, आणि सुई जोरातही वळते, कारण तेव्हा तारेतून काही अँपिअर वाहतात. पण वायर आणि सेल दोन्ही तापतात, बोटाला चटका बसतो आणि सेल बघता बघता बसतो. बल्ब मध्ये असला की करंट 0.3 अँपिअरच्या आसपास थांबतो आणि निवांत मिनिटभर बघता येतं. शिवाय उजेड दिसला म्हणजे करंट चालू आहे याची खात्री होते.

एलईडी मात्र घेऊ नका. छोट्या एलईडीतून साधारण 0.02 अँपिअर जातो. उजेड भरपूर पडतो, पण सुई एक अंशही हलत नाही आणि माणूस प्रयोग खोटा ठरवून मोकळा होतो.

पायरी पहिली: आधी सुईवर शंका घ्या

काकांनी होकायंत्र टेबलावर ठेवलं, डबी हलकेच गोल फिरवली आणि सईला म्हणाले, "डबी फिरली तरी सुई जागची हलायला नको. हलतेय का?"

सुई डबीबरोबर थोडी फिरली आणि अडकली. काकांनी नखाने काचेवर टिचकी मारली, ती सुटली आणि डुलत डुलत थांबली. स्वस्त होकायंत्रांत हे नेहमीचंच. डबी तिरकी असली की सुई काचेला किंवा तळाला घासते. त्यामुळे टेबल सपाट हवं आणि प्रत्येक वेळी आकडा वाचण्याआधी एक टिचकी हवी.

मग काकांनी सईच्या शेजारचा फोन उचलून लांब ठेवला. फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो. टेबलाच्या पायाशी ठेवलेली पक्कड, स्टीलची पट्टी, सगळं दूर केलं. शेवटी सेल हातात घेऊन विचारलं, "आणि हा?"

"तो तर अजून जोडलाच नाही."

काकांनी नुसता सेल होकायंत्राच्या जवळ नेला. सुई सेलकडे वळली. सईचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुष्कळ सेलांचं बाहेरचं कवच लोखंडी पत्र्याचं असतं, त्यामुळे करंट असो नसो, सुई त्याच्याकडे वळते. कित्येक जण सेल होकायंत्राला चिकटवून ठेवतात आणि मग जे काही हलतं त्याचं श्रेय तारेला देतात. सेल निदान दोन वीत लांब ठेवा, वायरी तेवढ्या मोठ्या घ्या आणि एकदा ठेवलेला सेल प्रयोगभर हलवू नका.

राहिली उत्तर. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात साधारण उत्तरेला येतो. सुईचं रंगवलेलं टोक तिकडे दाखवतं का, ते बघून ठेवा. जोरदार चुंबकाजवळ राहिलेल्या होकायंत्राची टोकं कधी कधी उलटी होऊन बसतात. सुई तेव्हाही हलते, पण पुढचे सगळे डावे-उजवे उलटे येतात.

पायरी दुसरी: करंट नसताना तार

वायर टेबलावर उत्तर-दक्षिण ताणायची, म्हणजे सुई जशी आहे तशीच, तिच्या बरोबर डोक्यावरून. काकांनी होकायंत्राच्या काचेवरूनच वायर नेली आणि दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली. सुई आणि वायर यांच्यात साधारण एक सेंटिमीटर अंतर राहिलं. वायरीचं एक टोक बल्बला, बल्बपासून सेलला, सेलपासून परतीची वायर टेबलाच्या दुसऱ्या कडेने लांबून. एक सांधा मोकळाच ठेवला.

"हलली का?"

"नाही."

"मग लिहून ठेव. तार आहे, करंट नाही, सुई गप्प."

ही नोंद सईला फुकटची वाटली. पण वायर म्हणून कुणी बांधकामाची लोखंडी तार घेतली असती, तर सुई इथेच हलली असती आणि लबाडी लगेच पकडली गेली असती.

पायरी तिसरी: करंट सोडा, पण आधी अंदाज सांगा

"आता सांधा जोडला की सुई कुठे जाईल?"

"वायरीकडे. वायर चुंबक होणार ना."

"वायर तर सुईच्या बरोबर डोक्यावर आहे, तिच्याच दिशेत. वायरीने सुईला ओढलं तर सुई आहे तिथेच राहील. बरोबर?"

सईने जरा विचार करून मान हलवली. काकांनी सेलचं बोंड असलेलं टोक, म्हणजे प्लस, वायरीच्या दक्षिणेकडच्या टोकाला पडेल असं लावलं. त्यामुळे होकायंत्रावरून करंट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणार होता. सांधा जोडला. बल्ब पेटला आणि सुईचं उत्तर टोक वायरीखालून निसटून पश्चिमेकडे सरकलं. फार नाही, आठ-नऊ अंश. सांधा सोडला, सुई परत जागेवर.

"ही तर वायरीपासून लांब चालली!"

या प्रयोगाचा गाभा इथे आहे. करंट वाहणारी तार सुईला स्वतःकडे ओढत नाही आणि ढकलतही नाही. ती सुईला आपल्याला आडवी करू बघते. तारेभोवतीचा चुंबकीय परिणाम तारेच्या दिशेने धावत नाही, तो तारेला वेढा घालून गोल फिरतो. सुई तारेच्या खाली असेल तर त्या वेढ्याचा खालचा भाग तिला लागतो, आणि तो भाग तारेला काटकोनात, आडवा असतो. चुंबक म्हटलं की ओढणं किंवा ढकलणं एवढंच आपल्या डोक्यात असतं, म्हणून हे आडवं वळणं आधी पटतच नाही. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडने 1820 मध्ये हेच पाहिलं आणि जुलैत लॅटिनमध्ये छोटी पुस्तिका छापून जाहीर केलं. त्याच्या काळच्या शास्त्रज्ञांनाही या वेढ्याचंच नवल वाटलं होतं.

"वायरीवर तर प्लॅस्टिक आहे. ते आड येत नाही?"

"प्लॅस्टिक करंटला अडवतं, चुंबकाच्या परिणामाला नाही. काच मध्ये आहेच की. तुझा हात ठेव, तरी हलेल."

सईने वायर आणि काच यांच्यामध्ये कागद घातला, मग पुठ्ठा घातला. पुठ्ठ्याने वायर थोडी वर उचलली गेली म्हणून सुई थोडी कमी वळली. तेही तिने स्वतःच ओळखलं.

पायरी चौथी: उजव्या हाताचा अंगठा

कुठल्या बाजूला वळणार हे आधी सांगता आलं पाहिजे, नाहीतर प्रयोग म्हणजे नुसती गंमत. काकांनी सईला उजवा हात पुढे करायला लावला. वायर मुठीत धरल्यासारखी बोटं वळवायची, अंगठा करंटच्या दिशेने, म्हणजे सेलच्या प्लसकडून मायनसकडे. बोटं ज्या बाजूने वळतात त्या बाजूने वेढा फिरतो. प्रत्यक्ष वायर धरायची गरज नाही, हात हवेत धरला तरी पुरे.

अंगठा उत्तरेला. वायरीच्या खालच्या अंगाने बोटं जाताना ती डावीकडे, पश्चिमेला जातात. सुई खाली होती, उत्तर टोक पश्चिमेला गेलं. जुळलं.

"आता सेल उलटे कर. सांधा जोडण्याआधी सांग."

सईने अंगठा दक्षिणेला केला, बोटांकडे बघितलं आणि म्हणाली, "पूर्वेला." सांधा जोडला, सुई पूर्वेला आठ-नऊ अंश गेली.

सेल तसेच ठेवून काकांनी वायर काचेवरून काढली आणि होकायंत्राच्या खालून घातली. या वेळी सईला वेळ लागला. अंगठा दक्षिणेला, पण सुई आता वायरीच्या वर, म्हणजे बोटांचा वरचा भाग बघायचा. तिथे बोटं पश्चिमेला जातात. सुईही पश्चिमेला गेली, मात्र जरा कमी, कारण डबीच्या तळापासून सुई थोडी जास्त उंचीवर होती.

करंट उलटा केला तर दिशा उलटते. तारेची बाजू बदलली तर दिशा उलटते. दोन्ही एकदम केलं तर जैसे थे. हे वाचून पुढे जाऊ नका, हाताने करा. पायरी सहावीत नेमकं हेच लागणार आहे.

काकांनी हे करताना सईच्या नकळत तिची परीक्षाही घेतली. त्यांनी वायर पूर्व-पश्चिम, सुईला आडवी ठेवली, सांधा जोडला. बल्ब पेटला, सुई ढिम्म.

"करंट गेला वाटतं."

"बल्ब पेटलाय बघ."

सईने अंगठा पूर्वेला धरला. बोटं खालून जाताना उत्तरेकडे. सुई तर आधीच उत्तरेला होती, मग ती हलणार कशी? पश्चिमेकडे करंट सोडला तर वेढा दक्षिणेला ढकलतो, पण 0.3 अँपिअरचा जोर पृथ्वीच्या जोरापुढे फार कमी, त्यामुळे तेव्हाही सुई जागची हलत नाही. "प्रयोग होत नाही" अशी तक्रार आली की मी आधी वायर कुठल्या दिशेने ठेवली आहे तेच विचारतो.

पायरी पाचवी: आठ-नऊ अंशच का?

"सुई पूर्ण आडवी का झाली नाही? तुम्ही तर म्हणालात तार तिला आडवी करते."

काका म्हणाले, "कारण सुईचा एकच मालक नाही. एका पोराचा एक हात तू पश्चिमेला ओढतेस आणि दुसरा हात तुझा दादा उत्तरेला ओढतो, तर पोर कुठे जाईल? दादाचा जोर जास्त तर बरंचसं उत्तरेला, थोडंसं तुझ्याकडे."

दादा म्हणजे पृथ्वी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जो आडवा भाग होकायंत्राच्या सुईला वळवतो, तो विषुववृत्ताच्या बाजूच्या बऱ्याच प्रदेशांत 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास असतो. ध्रुवांकडे जाल तसा तो कमी होतो. आणि तारेचा जोर काढायला काकांनी सईला एक सोपा हिशेब दिला: तारेतले अँपिअर घे, 20 ने गुण आणि सुईपर्यंतच्या सेंटिमीटरने भाग. उत्तर मायक्रोटेस्लात येतं. सरळ, लांब तारेला हा हिशेब चांगला लागू पडतो.

सईने पाटीवर मांडलं. 0.3 गुणिले 20 म्हणजे 6, भागिले 1 सेंटिमीटर, म्हणजे 6. पृथ्वी उत्तरेला 40 ने ओढते, तार पश्चिमेला 6 ने. काकांनी पाटीवर खालून वर 40 मिलिमीटरची उभी रेघ काढली, तिच्या टोकापासून डावीकडे 6 मिलिमीटरची आडवी, आणि सुरुवातीपासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढली. कोनमापक लावला, साडेआठ अंश. होकायंत्रावर आठ-नऊ आले होते.

याच रेघांनी सकाळची गोष्टही सुटते. पॅनेलच्या वायरीत साधारण 5 अँपिअर होते आणि सईने होकायंत्र तिच्याखाली अडीच सेंटिमीटरवर धरलं होतं. 5 गुणिले 20 म्हणजे 100, भागिले अडीच, 40. दोन्ही रेघा सारख्या, कोन 45 अंश, म्हणजे नेमकी वायव्य. ढग आला तेव्हा पॅनेलचा करंट उतरला, आडवी रेघ आखूड झाली.

तुमचा आकडा जुळला नाही तर आधी अंतर तपासा. काचेपासून नव्हे, वायरीच्या मध्यापासून सुईपर्यंतचं अंतर धरायचं. इथे दोन-तीन मिलिमीटरची चूक कोन बराच बदलते. त्यानंतर सेल बघा. जुने सेल असले की बल्ब लालसर जळतो आणि करंट 0.3 च्या खाली असतो.

पायरी सहावी: वेढे

सुई आणखी वळवायची आहे, पण करंट वाढवायचा नाही. काकांनी एनॅमलची तार घेतली आणि होकायंत्राच्या डबीभोवती गुंडाळायला लावली, वरून उत्तरेकडे, कडेने खाली, खालून दक्षिणेकडे, पुन्हा वर. सगळे वेढे सुईला समांतर आणि मधोमध एकमेकांना चिकटून, म्हणजे सुई आणि खुणा दोन्ही बाजूंनी दिसत राहतात.

पहिला वेढा झाला आणि सई थांबली. "काका, याने काहीच होणार नाही. वरून करंट उत्तरेला जाणार, खालून दक्षिणेला. एकाने पश्चिमेला ओढलं तर दुसरा पूर्वेला ओढेल."

प्रश्न अगदी योग्य होता. काकांनी उत्तर दिलं नाही, फक्त म्हणाले, "अंगठा."

वरची तार: अंगठा उत्तरेला, सुई खाली, बोटं पश्चिमेला. खालची तार: अंगठा दक्षिणेला, पण सुई वर, बोटं पश्चिमेला. करंटही उलटा आणि बाजूही उलटी. दोन्ही तारा एकाच बाजूला ओढतात. म्हणून एक वेढा म्हणजे दोन तारांचं काम.

गुंडाळून झाल्यावर सांधा जोडला तर बल्ब पेटेना. एनॅमलची तार उघडी दिसते, पण तिच्यावर वार्निशसारखा थर असतो आणि तो करंट अडवतो. दोन्ही टोकं अंगठ्याएवढी लांबी पॉलिश पेपरने सगळ्या बाजूंनी घासायची, तांबं चकचकीत गुलाबी दिसेपर्यंत. एकाच बाजूने घासलं तर सांधा कधी लागतो, कधी नाही, आणि बल्ब मिचमिचतो. मधल्या तारेवरचा थर मात्र घासू नका. तो निघाला तर शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात, करंट आडवाटेने निघून जातो आणि दहा वेढ्यांचा परिणाम एक-दोन वेढ्यांएवढाच उरतो.

एका वेढ्याला सुई सोळा-सतरा अंश गेली. पाच वेढ्यांचा हिशेब पाचही वेढे गुंडाळायच्या आधीच सईने केला: दहा तारा, प्रत्येकी 6, म्हणजे 60. पाटीवर 40 ची उभी, 60 ची आडवी, कोन 56. होकायंत्रावर थोडा कमी आला, कारण खालच्या तारा सुईपासून जरा लांब होत्या आणि कडेचे वेढे बरोबर डोक्यावर नव्हते.

"दहा केले तर 112 होतील!"

"पाटीवर बघ."

वीस तारा, 120. कोन साडेएकाहत्तर. वीस वेढे, 240, कोन साधारण ऐंशी. सईने आडवी रेघ भिंतीपर्यंत लांबवली तरी कोन 90 होईना. पृथ्वीची उभी रेघ कायम राहते, त्यामुळे सुई पूर्ण आडवी होण्याच्या जवळ जवळ जाते, पण पोहोचत नाही आणि पलीकडे तर जातच नाही. तुमची सुई 90 च्या पलीकडे गेली, तर वेढे उत्तर-दक्षिण नसून तिरके बसले आहेत. डबी जराशी फिरवून ते सुईच्या रेषेत आणा, अर्थात करंट बंद असताना.

यातून एक कामाची गोष्ट निघते. 60 अंशांच्या पुढे करंट बराच वाढला तरी सुई जेमतेम सरकते. मोजायचं असेल तर सुई 30 ते 60 अंशांत राहील इतकेच वेढे ठेवा. त्याच वर्षी, 1820 मध्ये, जर्मनीतल्या योहान श्वाइगरने असेच वेढे देऊन बारीक करंट ओळखायचं साधन केलं होतं.

घरातल्या वायरीजवळ सुई का हलत नाही?

सईचा हा प्रश्न येणारच होता. ती होकायंत्र घेऊन बोर्डाकडे निघाली, तेव्हा काकांनी आधी तिला थांबवलं. भिंतीवरच्या वायरीच्या जवळ होकायंत्र नेलं तर काही बिघडत नाही, पण बोर्ड उघडायचा नाही, उघड्या टोकाला हात नाही, आणि सेलचा प्रयोग सॉकेटवर तर कधीच नाही. तिथे 230 व्होल्ट असतात.

पंखा चालू असताना तिने होकायंत्र वायरीला चिकटवलं. सुई शांत.

काका म्हणाले, "याला दोन कारणं आहेत. पहिलं, घरातला करंट सेकंदात शंभर वेळा उलटतो. सुईला पश्चिमेला जा म्हटलं, ती निघायच्या आत पूर्वेला जा म्हटलं. ती जड आहे, जागेवरच राहते. फार तर बारीक थरथरेल."

दुसरं कारण दाखवायला त्यांनी पिशवीतून टोंग टेस्टर काढला. त्याचे जबडे वायरीभोवती बसवले की वायर न तोडता, न सोलता करंट कळतो, कारण तो तारेभोवतीचा हाच वेढा मोजतो. काकांनी पंपाच्या मोटरची फेजची वायर एकटी जबड्यात घेतली. 3.2 अँपिअर. मग फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम घेतल्या. शून्य.

"मोटर बंद झाली?"

"आवाज येतोय की. एका वायरीने जेवढा करंट गेला तेवढाच दुसरीने परत आला. दोघींचे वेढे एकमेकांच्या उलटे, मिळून काही उरलं नाही. भिंतीत दोन्ही वायरी चिकटून जातात, म्हणून तुझ्या सुईला लांबून काहीच लागत नाही."

नव्याने काम शिकणारे पुष्कळ जण टोंग टेस्टर दोन्ही वायरींवर लावतात आणि लोड नाही असं सांगून मोकळे होतात.

सईने टेस्टर मागून घेतला आणि बल्ब चालू ठेवून आपल्या टॉर्चच्या वायरीला लावला, एकाच वायरीला. शून्य. ती चक्रावली. काका म्हणाले की साधा टोंग टेस्टर फक्त उलटसुलट होणारा करंट ओळखतो. सेलचा एकाच दिशेने वाहणारा करंट त्याला दिसत नाही, त्याला वेगळा डीसी टेस्टर लागतो. होकायंत्राचं नेमकं उलट आहे.

मग तिने टेबलाच्या कडेने लांबून गेलेली परतीची वायर उचलली आणि होकायंत्रावरून जाणाऱ्या वायरीला चिकटवून ठेवली. बल्ब तेवढाच पेटलेला, सुई उत्तरेला. परतीची वायर बोटभर बाजूला सरकवली, सुई थोडी हलली. हातभर लांब नेली, तेव्हा पुन्हा पूर्वीचे आठ-नऊ अंश.

"म्हणजे दोन्ही वायरींत करंट अगदी सारखा आहे का, हे यावरून तपासता येईल?"

"बोर्डातला आरसीसीबी तेच करतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच लोखंडी कड्यातून जातात. माणसाच्या अंगातून थोडा करंट जमिनीत गेला की परत येणारा कमी पडतो, वेढे पूर्ण कटत नाहीत. घरात लावतात त्यात 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की तो लाईन तोडतो."

"तुमच्या टोंग टेस्टरवर 30 मिलीअँपिअर दिसेल?"

"या टेस्टरवर नाही. त्यासाठी गळती मोजायचा वेगळा येतो, आणि तोसुद्धा दोन्ही वायरींवर एकदम लावायचा."